ग्रुपवरच्या मतदानाचा साधा मजकूर आलाय, त्यातून आलेखाला चालेल असा तक्ता कसा काढायचा?

खाडीकाठचा

मंडळी नमस्कार. आमचं गाव कणकवली स्टेशनपासून रिक्षाने तासाभरावर. गणपतीला मुंबई-ठाण्याहून कोण कशाने येणार हे आधी कळलं तर स्टेशनवर किती गाड्या उभ्या करायच्या ते मंडळाला ठरवता येतं. म्हणून वाडीच्या ग्रुपवर मतदान घेतलं. निकाल मामांनी मला साधा मजकूर म्हणून पाठवला. ज्यांच्याकडे साधे फोन आहेत त्यांची मतं त्यांनी फोनवरून विचारून खाली जोडली. तो मजकूर जसाच्या तसा:

```
गणपतीला गावी कशाने येणार? (एकाहून जास्त चालेल)
127 जणांनी मत दिलं
1) 11003 तुतारी - 38 मते (30%)
2) 20111 कोकणकन्या – ४१ मते (32%)
3) मांडवी 10103: 17 मते (13%)
4) एसटी, ग्रुप बुकिंग - 9 मते (7%)
5) स्वत:ची गाडी (66 वरून) - 26 मते (20%)
6) दुसऱ्याच्या गाडीने - 22 मते (17%)
7) अजून ठरलं नाही
दुसर्‍याच्या गाडीने - ६ (फोनवरून)
एकूण १५९
```

मी हे गुगल शीटमध्ये हाताने कापून दोन रकान्यांत टाकलं, एकात पर्याय आणि दुसऱ्यात मते. दोन गोष्टी अडल्या. बेरीज 112 येते, मामांची 159 आहे. आणि "दुसऱ्याच्या गाडीने" हा एकच पर्याय असूनही आलेखात त्याच्या दोन पट्ट्या पडतात. मजकूर अक्षर-अक्षर तपासला, फरक दिसत नाही.

आणखी चार वाड्यांचे असेच मजकूर यायचे आहेत, त्यामुळे दर वेळी हाताने कापायचं नाहीये. कुणी असं केलंय का?

गजालीकार

ह्या सगळा कित्याक? ग्रुपवर परत नवीन पोल घाल, लोकांका एकच पर्याय निवडूक सांग. काम झाला.

खाडीकाठचा

गजालीकार दादा, परत घेतलं तर निम्मे लोक मत देणार नाहीत. आणि एकच पर्याय ठेवता येत नाही हो. तुतारीचं तिकीट वेटिंगला राहिलं तर एसटी, असंच सगळ्यांचं चाललेलं असतं. साठ दिवस आधी बुकिंग उघडलं की पहिल्या काही मिनिटांत काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

गजालीकार

ता खरा. तुतारी म्हणजे देवाचो प्रसाद, मिळालो तर मिळालो.

हापूसवाला

सोपं आहे. सगळे डॅश आणि रेघा बदलून कोलन करा, मग Split text to columns मध्ये कोलन हा विभाजक द्या. डावीकडे पर्याय, उजवीकडे मते. "मते" हा शब्द आणि कंसातले टक्के फाइंड-रिप्लेसने उडवा. पाच मिनिटांचं काम.

चिपळूणचे_मास्तर

आठ ओळींसाठी एवढा खटाटोप? वही घ्या, दोन रकाने आखा, आकडे लिहा, बेरीज करा. शाळेत पटसंख्येचे तक्ते आम्ही वर्षानुवर्षं असेच केले. हाताने लिहिताना प्रत्येक ओळ डोळ्याखालून जाते, हा त्याचा मोठा फायदा आहे.

खाडीकाठचा

हापूसवाला, तुमचं करून पाहिलं. बाकीच्या ओळी बऱ्या तुटल्या, पण पाचवी ओळ अशी आली: पहिल्या रकान्यात "5) स्वत", दुसऱ्यात "ची गाडी (66 वरून)", तिसऱ्यात 26. हे काय झालं?

मास्तर, एका वाडीसाठी तुमचं पटतं. पाच वाड्या आणि दरवर्षी, म्हणून विचारतोय.

सुरंगी

पाचव्या ओळीचं आधी सांगते. मामांनी "स्वतः" मधला विसर्ग कोलनच्या बटणाने टाइप केलाय. दिसायला सारखाच, पण संगणकाला तो कोलनच. मराठी मजकुरात कोलनवर तोडणं म्हणूनच धोक्याचं. "स्वत:", "अंत:", "नि:शुल्क" असं लिहिणारे भरपूर लोक आहेत. स्वल्पविरामावर तोडलंत तर चौथ्या ओळीतली "एसटी, ग्रुप बुकिंग" फुटेल, आणि डॅशवर तोडायचं तर मामांनी एका ओळीत छोटा डॅश, दुसरीत लांब डॅश, तिसरीत कोलन असं तीन प्रकारे लिहिलंय.

म्हणून विभाजक शोधूच नका. मी सर्वेक्षणांचा डेटा साफ करण्याचंच काम करते आणि अशा मजकुरात नेहमी शेवटाकडून सुरुवात करते. ओळीच्या शेवटचा कंस काढून टाकला की उरलेल्या ओळीतली शेवटची संख्या म्हणजे मते. तिच्या आधीचं सगळं म्हणजे पर्याय. मधे डॅश आहे, कोलन आहे की नुसती मोकळी जागा आहे, याने काही बिघडत नाही. तुमच्या पर्यायांत 11003, 10103, 66 अशा संख्या आहेत, म्हणून "पहिली संख्या घ्या" असं करता येणार नाही.

आता बेरीज. 159 वजा 112 म्हणजे 47. आणि देवनागरी अंकांत लिहिलेल्या मतांच्या ओळी कोणत्या? ४१ आणि ६. त्यांची बेरीज बरोबर 47. तुमच्या शीटमध्ये ते दोन आकडे संख्या म्हणून नाहीत, मजकूर म्हणून बसलेत, आणि SUM मजकूर गुपचूप सोडून देतो, चूक दाखवत नाही. रकाना नीट बघा, बाकीचे आकडे उजवीकडे चिकटलेले असतील आणि हे दोन डावीकडे.

खाडीकाठचा

अगदी तसंच आहे! दोन डावीकडे. आलेखात कोकणकन्येची पट्टीच नव्हती. मला वाटलं रंग पांढरा झाला असेल.

दर्यावर्दी

सुरंगीताई, म्हणजे सगळ्यात जास्त मतं असलेली गाडीच आलेखातून गायब झाली होती. मंडळाने तो आलेख बघून गाड्या पाठवल्या असत्या तर कोकणकन्येची माणसं पहाटे स्टेशनवर बसून राहिली असती.

बंदरपाखाडी

माझाही असाच त्रास आहे म्हणून इथेच विचारतो. आम्ही बागायतदारांच्या ग्रुपवर विचारलं होतं, पेटी किती डझनी भरता? पर्याय 4-5, 5-6, 6-7, 7-8 असे होते. शीटमध्ये चिकटवल्यावर "5-6" च्या जागी 5 जून दिसतं. परत 5-6 लिहिलं तरी परत तारीख. हे पण देवनागरी अंकांमुळे का?

सुरंगी

नाही, बंदरपाखाडी, तुमचं नेमकं उलट आहे. त्यांच्याकडे संख्या मजकूर झाली, तुमच्याकडे मजकुराची तारीख झाली. दोन आकड्यांमध्ये डॅश दिसला की शीट त्याला दिवस-महिना समजते. चिकटवण्याआधी तो रकाना निवडून Format, Number, Plain text असं करा आणि मग चिकटवा. चिकटवल्यानंतर प्रकार बदलून उपयोग नाही, कारण तोवर मूळ "5-6" गेलेलं असतं आणि आत तारखेचा आकडा बसलेला असतो. पर्याय "5 ते 6 डझन" असा लिहिलात तर मुळात ही वेळच येणार नाही.

बंदरपाखाडी

झालं. "5 ते 6 डझन" केलं. धन्यवाद.

खाडीकाठचा

आणि दोन पट्ट्यांचं काय? "दुसऱ्याच्या गाडीने" दोन्हीकडे सारखंच आहे.

सुरंगी

सारखं दिसतंय, सारखं नाही. दोन्ही पेशींची लांबी बघा:

```
=LEN(A7)
=LEN(A9)
```

ओळींचे क्रमांक तुमच्या शीटप्रमाणे बदला. एकात 18 येईल आणि दुसऱ्यात 19.

खाडीकाठचा

बरोबर, 18 आणि 19. शेवटी स्पेस आहे का? TRIM लावून पाहिलं, तरी 19 च.

हापूसवाला

मला माहितीये हे. आत न दिसणारं अक्षर आहे, जोडाक्षरासाठी येतं ते. त्याचा क्रमांक 8205. सगळीकडून उडवून टाका, SUBSTITUTE करून UNICHAR(8205) च्या जागी रिकामं. दोन्ही ओळी एक होतील.

सुरंगी

हापूसवाला, अक्षर तुम्ही बरोबर ओळखलंत, पण उडवून दोन्ही ओळी एक होणार नाहीत.

"दुसऱ्या" मधला तो अर्धा, पापणीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर आणि पुढे हलन्त देतात. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि मग ते न दिसणारं 8205 देतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे. ग्रुपवरच्या मतदानाचा पर्याय एकाने लिहिला असणार आणि फोनवरची ओळ मामांनी आपल्या फोनवर.

8205 नुसतं उडवलंत तर मागे साधा र आणि हलन्त उरतात, आणि ते पुढच्या य वर रफार होऊन बसतात. शब्द "दुसर्याच्या" असा होतो. म्हणजे शब्द बिघडला आणि पहिल्या ओळीशी जुळलाही नाही. उडवण्याऐवजी बदलायचं:

```
=SUBSTITUTE(A9, "र्"&UNICHAR(8205), "ऱ्")
```

कोकणातल्या मजकुरात हे फार येतं, किनाऱ्यावर, वाऱ्यामुळे, दुपारच्या साऱ्या गाड्या. मराठीत पर्याय लिहिलेले असतील तर मी हे बदलणं सगळ्यात आधी करते, मग बाकीचं.

"ॲप" चंही असंच आहे. एक ॲ सलग एकच अक्षर असतो, दुसऱ्यात अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे असतात. तुमच्या मजकुरात तो नाही, पण पुढच्या वाडीने "ॲपवरून बस बुक" असा पर्याय ठेवला तर लक्षात असू द्या.

खाडीकाठचा

बदललं, दोन्हीकडे 18 आलं. ताई, हे मी जन्मात शोधू शकलो नसतो.

राजापूरची_गंगा

आलेख पाय चार्ट करा. सभेत सगळ्यांना वर्तुळ लगेच कळतं. टक्के तर मजकुरात दिलेलेच आहेत, तेच घ्या. मते काढायची गरजच काय?

हापूसवाला

ते टक्केच चुकीचे आहेत. 159 पैकी 38 म्हणजे 24 टक्के होतात, इथे 30 लिहिलेत.

सुरंगी

चुकीचे नाहीत. ते 127 जणांचे टक्के आहेत. 127 पैकी 38 म्हणजे 29.9, ते 30 झाले. 127 पैकी 41 म्हणजे 32.3, ते 32. सगळ्या ओळी तशाच जुळतात. एका माणसाने दोन-दोन पर्याय दिलेत म्हणून सहा ओळींच्या टक्क्यांची बेरीज 119 येते. वर्तुळात 119 टक्के मावत नाहीत, म्हणून इथे पाय चार्ट नको. शीट पाय काढून देईल, तक्रार करणार नाही, पण ती 159 मतांचे वाटे करील आणि तुतारीला 24 टक्के दाखवील. सभेत लोक त्याचा अर्थ "शंभरातले चोवीस जण तुतारीने येणार" असा घेतील.

आडव्या पट्ट्यांचा आलेख करा, पट्टीच्या टोकाला मतांचा आकडा लिहा. पर्यायांची नावं लांब आहेत, उभ्या पट्ट्यांखाली ती तिरकी होऊन वाचता येत नाहीत.

आणि टक्के तक्त्यात ठेवूच नका. फोनवरचे 6 जण त्या 127 मध्ये आहेत की वेगळे?

खाडीकाठचा

वेगळे. ते ग्रुपवर नाहीतच, म्हणून तर मामांनी फोन केले.

सुरंगी

मग एकूण माणसं 133. मजकुरातले सगळे टक्के त्या क्षणी जुने झाले. तुतारी 133 पैकी 38, म्हणजे 28.6. मतांचे आकडे मात्र तसेच राहतात. तक्त्यात फक्त मते ठेवायची, टक्के लागतील तेव्हा मोजायचे, आणि तेही माणसांवर.

राजापूरची_गंगा

मला अजून पाय चार्टच आवडतो, पण 119 टक्क्यांचं पटलं. एक पर्यायाचं मतदान असेल तेव्हा मी वर्तुळच करणार.

सुरंगी

तेव्हा खुशाल करा, गंगाताई. एक माणूस एक मत असेल आणि पर्याय चार-पाचच असतील तर वर्तुळ चांगलं दिसतं.

चिपळूणचे_मास्तर

मला एक शंका आहे. "दुसऱ्याच्या गाडीने" 22 आणि 6, दोन्ही मिळून 28 करायचे असं तुम्ही म्हणता. पण एकाहून जास्त पर्याय चालत होते ना? मग एकाच माणसाचं मत दोन्ही ओळींत असेल तर तो दोनदा मोजला जाईल.

सुरंगी

मास्तर, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. इथे 22 ग्रुपवरचे आणि 6 ग्रुपबाहेरचे, त्यामुळे एकच माणूस दोन्हींत असू शकत नाही. 28 बरोबर. पण ग्रुपवरच्याच दोन पर्यायांना एकत्र करायचं असतं, समजा "तुतारी" आणि "मांडवी" मिळून "सावंतवाडीकडच्या गाड्या" असं काही, तर 38 आणि 17 मिळून 55 माणसं असं म्हणता आलं नसतं. दोन्हींना मत देणारे किती ते आकड्यांवरून कळत नाही, त्यासाठी नावांची यादी लागते. 55 मते म्हणता येईल, 55 माणसं नाही.

दर्यावर्दी

मांडवी तर मडगावला जाते ताई, तुतारी सावंतवाडीला. पण कणकवलीला उतरणाऱ्याला काय, दोन्ही सारख्याच.

खाडीकाठचा

आता चार वाड्यांसाठी एकदाच चालवता येईल असं काही सांगाल का? घरी पायथन आहे, मुलीने कॉलेजसाठी टाकलंय.

सुरंगी

पायथन असेल तर फारच सोपं, कारण त्याला देवनागरी अंक मुळातच कळतात. `int('४१')` चं उत्तर 41 येतं, आणि `\d` मध्ये ४ पण बसतो. गुगल शीटच्या REGEXEXTRACT मध्ये मात्र `\d` म्हणजे फक्त 0 ते 9, तिथे `[0-9०-९]` असं लिहावं लागतं.

मजकूर matdan.txt नावाने यूटीएफ-8 मध्ये साठवा आणि हे चालवा:

```python
import re, csv

pat = re.compile(r'^(?:\d+[.)])?\s*(.*?)\s*[-–—:]?\s*(\d+)\s*(?:मते)?$')
rows = {}
for line in open('matdan.txt', encoding='utf-8'):
    line = line.strip().replace('र्\u200d', 'ऱ्')
    line = re.sub(r'\s*\([^()]*\)$', '', line)
    m = pat.match(line)
    if not m or line.startswith('एकूण'):
        print('सोडली:', line)
        continue
    label, n = m.group(1), int(m.group(2))
    rows[label] = rows.get(label, 0) + n

with open('takta.csv', 'w', encoding='utf-8-sig', newline='') as f:
    csv.writer(f).writerows(rows.items())
print('बेरीज:', sum(rows.values()))
```

सुरुवातीचा "1)" काढताना संख्येनंतर कंस किंवा टिंब असेल तरच काढतोय. नाहीतर एखाद्या वाडीने अनुक्रमांक न घालता नुसतं "11003 तुतारी - 12" लिहिलं तर गाडीचा नंबरच उडेल. शेवटचा कंस काढतोय तो फक्त ओळीच्या टोकाचा, त्यामुळे "(66 वरून)" मधेच असल्याने जागेवर राहतो.

सोडलेली प्रत्येक ओळ पडद्यावर छापली जाते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मास्तर म्हणाले ना, प्रत्येक ओळ डोळ्याखालून गेली पाहिजे. शंभर ओळी असतील तर निदान सोडलेल्या तरी जायला हव्यात.

फाइल साठवताना `utf-8-sig` मुद्दाम लिहिलंय. नुसतं `utf-8` असेल आणि कुणी ती फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसण्याची शक्यता असते.

खाडीकाठचा

चाललं! पडद्यावर असं आलं:

```
सोडली: गणपतीला गावी कशाने येणार?
सोडली: 127 जणांनी मत दिलं
सोडली: 7) अजून ठरलं नाही
सोडली: एकूण १५९
बेरीज: 159
```

आणि तक्ता:

```
11003 तुतारी,38
20111 कोकणकन्या,41
मांडवी 10103,17
"एसटी, ग्रुप बुकिंग",9
स्वत:ची गाडी (66 वरून),26
दुसऱ्याच्या गाडीने,28
```

एसटीला अवतरण चिन्हं का लागली?

सुरंगी

आतल्या स्वल्पविरामासाठी. शीट किंवा एक्सेलमध्ये उघडल्यावर ती दिसणार नाहीत, पर्याय एकाच पेशीत येईल. हाताने काढू नका.

हापूसवाला

माझ्याकडे खालच्या वाडीचा मजकूर आहे, मीच त्यांचा ग्रुप सांभाळतो. त्यांनी फक्त टक्के पाठवलेत, मते नाहीत. वर "85 जण" असं लिहिलंय. तुतारी 27%. यातून मते निघतील का?

सुरंगी

निघतील. 85 पैकी 23 म्हणजे 27.06, ते 27 होतात. 22 घेतले तर 26 टक्के, 24 घेतले तर 28. म्हणजे 23 शिवाय दुसरं उत्तर नाही. माणसं शंभराच्या आत असतील तर एक माणूस वाढला की टक्का एकाहून जास्त सरकतो, म्हणून पूर्ण टक्क्यावरून आकडा एकच निघतो. हेच 250 जण असते तर 12 टक्क्यांमागे 29, 30 आणि 31 तिन्ही बसले असते, तेव्हा मूळ आकडे मागवण्यावाचून इलाज नाही.

फक्त 85 हा मत देणाऱ्यांचा आकडा आहे ना, ग्रुपमधल्या सगळ्यांचा नाही, एवढं विचारून घ्या.

हापूसवाला

विचारतो. मला वाटतं मत देणाऱ्यांचाच आहे, पण खात्री करून सांगतो.

चिपळूणचे_मास्तर

सातवी ओळ अजून राहिलीच. "अजून ठरलं नाही" याला मतं किती? माझ्या मते शून्य. मतं असती तर मामांनी लिहिली असती. तक्त्यात 0 लिहा.

सुरंगी

मास्तर, मी 0 लिहिणार नाही. बेरीज 159 जुळली यावरून एवढंच कळतं की मामांनी बेरीज करताना ती ओळ धरली नाही. कुणी मत दिलं नाही म्हणून आकडा नाही, की चिकटवताना आकडा गळला, हे मजकुरावरून सांगता येत नाही. टक्केही मदत करत नाहीत, कारण ते माणसांवर आहेत आणि एकाला कितीही मतं देता येतात. मामांना ग्रुपवरचं मूळ मतदान उघडून बघायला सांगा. तोवर पेशी रिकामी.

चिपळूणचे_मास्तर

रिकामी पेशी सभेत कुणी विचारली तर काय सांगायचं? शून्य लिहिलं की प्रश्न मिटतो.

दर्यावर्दी

मास्तर, पण "ठरलं नाही" वाले वीस जण निघाले तर? गाड्या त्यांच्यासाठीच तर कमी पडतात. ऐनवेळी येतात ते हेच.

खाडीकाठचा

मामा होडीवर गेलेत, संध्याकाळी विचारतो. तोपर्यंत पेशी रिकामी ठेवतो आणि आलेखाखाली लिहितो की हा आकडा यायचा आहे. मास्तर, तुमचा राग नसावा.

सुरंगीताई, पाच वाड्यांचे पाच तक्ते एकाखाली एक चिकटवू का?

सुरंगी

चिकटवा, पण आधी प्रत्येक ओळीपुढे वाडीचं नाव लिहा. वाडी, पर्याय, मते असे तीन रकाने. शेजारी-शेजारी पाच रकाने करू नका, कारण एखाद्या वाडीत "एसटी" हा पर्यायच नसेल तर ओळी एकमेकींसमोर राहणार नाहीत. तीन रकान्यांवरून पिव्होट टेबल केलं की गावाची बेरीजही मिळते आणि वाडीवारही.

पिव्होट केल्यावर पर्यायांची यादी एकदा वरून खाली वाचा. एका वाडीने "20111 कोकणकन्या" लिहिलं असेल, दुसरीने "कोकणकन्या एक्स." तर त्या दोन ओळी होतील. ते प्रोग्रॅमला जुळवता येणार नाही. छोटी यादी करा, डावीकडे त्यांनी लिहिलेलं नाव, उजवीकडे तुमचं ठरवलेलं नाव, आणि VLOOKUP ने बदला. ती यादी जपून ठेवा, पुढच्या वर्षी तीच लागेल.

गजालीकार

माका पण ती यादी पाठव रे. आमच्या वाडीत कोकणकन्येक अजून "रातची गाडी" म्हणतत.

खाडीकाठचा

पाठवतो दादा. "रातची गाडी" पण डावीकडे घालून ठेवतो.